कांद्याच्या कुंडीत स्फुरद आणला कुणी? मायकोरायझाचा प्रयोग पायरीपायरीने

मृदा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्प अहवालांमध्ये मायकोरायझाबद्दल, म्हणजे पिकाच्या मुळात राहणाऱ्या उपयुक्त बुरशीबद्दल, एक वाक्य हमखास सापडते: "मायकोरायझा दिलेल्या कुंडीतील रोपे मोठी झाली, म्हणजे मायकोरायझाने स्फुरद विरघळवून पिकाला दिला." या वाक्यातील पहिला अर्धा भाग डोळ्यांनी पाहिलेला असतो. दुसऱ्या भागातले काहीच मोजलेले नसते. शिवाय "विरघळवून" हा शब्द बहुतेक वेळा चुकीचाच असतो.

रोप मोठे होण्याला इतर कारणेही असतात. मायकोरायझाच्या पुडीतल्या भरावातच स्फुरद असेल, माती निर्जंतुक करताना मोकळा झालेला स्फुरद असेल, किंवा बुरशीसोबत आलेले जिवाणूही असतील. ही कारणे एकेक करून बाजूला सारली की जे उरते त्यालाच मायकोरायझाचा परिणाम म्हणता येते. ते कसे करायचे, याचा क्रम पुढे दिला आहे. पीक कांदा घेतले आहे आणि माती सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातली.

कांदा घेण्याला कारण आहे. त्याची मुळे जाड, कमी फाटे फुटणारी आणि जवळपास केशमुळांशिवायची असतात. त्यामुळे स्फुरदासाठी तो बुरशीवर फार अवलंबून असतो आणि फरक ठळक दिसतो. मुळे पांढरी असल्याने रंगवायलाही सोपी जातात. बी लोणंदच्या बाजारात सहज मिळते. कोबी, फुलकोबी, मोहरी, पालक, बीट ही पिके मात्र या प्रयोगात घेऊ नका, कारण त्यांच्या मुळांशी ही बुरशी सहसा जुळतच नाही.

## टप्पा 1: नेमके काय सिद्ध करायचे ते आधी ठरवा

मातीच्या पाण्यात विरघळलेला फॉस्फेट अत्यंत थोडा असतो आणि तो मातीत फार सावकाश सरकतो. मूळ आपल्या भोवतालचा फॉस्फेट काही दिवसांत संपवते, पण बाहेरून नवा तितक्या वेगाने येत नाही. मुळाभोवती एखाद-दोन मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. पलीकडे स्फुरद असतो, पण मूळ तिथे पोहोचत नाही.

अर्बस्क्युलर मायकोरायझाचे तंतू हा पट्टा ओलांडतात. त्यांची जाडी साधारण 2 ते 10 मायक्रोमीटर असते, म्हणून मुळाला शिरता येत नाही अशा छिद्रांतही ते जातात. मुळापासून काही सेंटिमीटर दूरवर ते पसरतात. तिथे शोषलेला फॉस्फेट पॉलिफॉस्फेटच्या रूपात तंतूतून आत वाहून येतो आणि मुळाच्या पेशीत, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या अर्बस्क्यूलपाशी पिकाच्या ताब्यात जातो. मोबदल्यात पीक साखर आणि स्निग्ध पदार्थ देते.

म्हणजे ही बुरशी मुख्यतः *पोहोच* वाढवते. कॅल्शियमशी घट्ट बांधलेला स्फुरद स्वतः सेंद्रिय आम्ले सोडून मोकळा करणे हे तिचे प्रमुख काम नाही. ते काम स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे, म्हणजे पीएसबीचे. दोघांचे काम एकच समजले तर सगळी मांडणी बिघडते. रॉक फॉस्फेट घातलेल्या कुंडीत मायकोरायझाची परीक्षा घेणारे विद्यार्थी याच गोंधळात सापडतात.

सिद्ध करायच्या गोष्टी तीन. मुळात बुरशी वसली आहे. पिकाने एकूण स्फुरद जास्त उचलला आहे. आणि तो, निदान काही प्रमाणात, मुळाच्या हातापलीकडच्या मातीतून आला आहे. बहुतेक अहवाल पहिल्या गोष्टीवर थांबतात आणि तिसरीचा निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

## टप्पा 2: माती निवडा आणि तिचा स्फुरद मोजा

माती गरीब हवी. कृष्णाकाठच्या कराड-वाळव्याकडच्या उसाच्या रानातली माती आणली तर प्रयोग तिथेच संपतो. वर्षानुवर्षे डीएपी पडलेल्या जमिनीत पीक स्वतःच्या मुळांनी पुरेसा स्फुरद घेते, आणि मग ते बुरशीला मुळात फारसा थारा देत नाही. माण-खटावकडची हलकी, पडीक किंवा जिरायती माती घ्या. वरचा 15 सेंटिमीटरचा थर घ्या. उकिरड्याजवळची, मेंढ्या बसवलेल्या रानातली किंवा खत पडलेल्या वाफ्यातली माती टाळा.

आपल्याकडच्या बहुतेक काळ्या आणि चुनखडीयुक्त जमिनींचा सामू 7.5 ते 8.5 च्या आसपास असतो. अशा मातीचा उपलब्ध स्फुरद ओल्सेन पद्धतीनेच मोजायचा. आम्लाने काढणारी ब्रे पद्धत इथे चुकीचा आकडा देते, कारण आम्ल चुनखडीतच खर्ची पडते.

सामू 8.5 केलेले 0.5 मोलर सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण ताजे तयार करा. 2.5 ग्रॅम मातीत 50 मिलिलिटर द्रावण घालून बरोबर 30 मिनिटे हलवा, गाळा, आणि मॉलिब्डेनम निळ्या रंगाने 882 नॅनोमीटरला वाचन घ्या.

हिशेब असा. समजा 5 मिलिलिटर गाळीव द्रावणाचे 25 मिलिलिटर केले आणि त्यात मिलिलिटरला 0.04 मायक्रोग्रॅम स्फुरद आला. मूळ गाळीव द्रावणात तो पाचपट, म्हणजे 0.2. एका ग्रॅम मातीमागे 20 मिलिलिटर द्रावण वापरले होते, म्हणून 0.2 गुणिले 20, म्हणजे ग्रॅमला 4 मायक्रोग्रॅम किंवा किलोला 4 मिलिग्रॅम. 2.24 ने गुणले की हेक्टरी सुमारे 9 किलो. ही माती कमी गटात बसते, प्रयोगाला चालेल.

सावधान: हा आकडा स्फुरदाचा आहे, स्फुरद पेंटॉक्साइडचा नाही. खताच्या पोत्यावरचा आकडा पेंटॉक्साइडचा असतो, त्यात यायला 2.29 ने गुणावे लागते. मृदा पत्रिकेवरचा आकडा कशाचा आहे हे न पाहता दोन्हींची तुलना करू नका.

तपासणी: हेक्टरी 25 किलोच्या वर स्फुरद आला तर ही माती सोडून द्या आणि दुसरी शोधा. वाळू मिसळून आकडा खाली आणण्याचा मोह होतो, पण आधीच श्रीमंत असलेल्या मातीत तो तोडगा अर्धवटच ठरतो.

योग्य माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि धुतलेल्या नदीच्या वाळूत वजनाने निम्मी-निम्मी मिसळा. काळी माती एकटी भरली तर ती निर्जंतुक केल्यावर दगडासारखी आवळते आणि शेवटी मुळे धुऊन काढताना बारीक मुळे तुटून जातात. मिश्रणाचा ओल्सेन स्फुरद पुन्हा मोजा. अहवालात मिश्रणाचाच आकडा द्यायचा आहे.

## टप्पा 3: निर्जंतुक करा, मग थांबा

शेतातल्या मातीत देशी मायकोरायझा असतोच. तो न मारता "नियंत्रण" कुंडी, म्हणजे बुरशी न देता तुलनेसाठी ठेवलेली कुंडी, भरली तर दोन्ही कुंड्यांत बुरशी असेल आणि फरक दिसणार नाही.

मिश्रण किंचित ओलसर करून पिशव्यांत पातळ थरात भरा. 121 अंशांना, 15 पौंड दाबावर एक तास ऑटोक्लेव्ह करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा. पहिल्या उष्णतेतून वाचलेले जिवाणूंचे बीजाणू मधल्या काळात रुजतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात. मोठा ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकरमध्ये छोट्या पिशव्या घालून हेच करता येते, फक्त वेळखाऊ आहे. उन्हात प्लास्टिक अंथरून तापवणे मात्र या कामाला पुरे पडत नाही.

पुढची गोष्ट पुष्कळ जण वगळतात. ऑटोक्लेव्हमध्ये मेलेल्या सूक्ष्मजीवांतून स्फुरद आणि अमोनियम मोकळे होतात, आणि मँगेनीजही वाढते. लगेच रोप लावले तर ते पिवळे पडते किंवा उलट उगाच तरारते. माती स्वच्छ झाकून दोन-तीन आठवडे ठेवा आणि मगच वापरा. ओल्सेन स्फुरद इथे तिसऱ्यांदा मोजा. कंटाळा येतो, पण प्रयोगाच्या सुरुवातीचा खरा आकडा हाच.

## टप्पा 4: बुरशी द्या, आणि नियंत्रण कुंडीलाही तिचे सगळे "सामान" द्या

विरजण म्हणून दोन पर्याय आहेत. बाजारातली पुडी, किंवा स्वतः वाढवलेले कुंडी-संवर्धन. पुडीवरचा बीजाणूंचा आकडा बीजाणू जिवंत आहेत हे सांगत नाही, आणि भरावात कधीकधी सेंद्रिय खत मिसळलेले असते. म्हणून वेळ असेल तर संवर्धन स्वतः करावे असे माझे मत आहे. माळावरच्या गवताच्या किंवा जुन्या ज्वारीच्या मुळांसकट माती निर्जंतुक वाळूत मिसळा, तीत ज्वारी किंवा मका तीन-चार महिने वाढवा, शेवटचे दोन आठवडे पाणी हळूहळू तोडा, शेंडा कापून टाका. मुळांचे तुकडे, तंतू आणि बीजाणूंसकट उरलेली माती हेच विरजण. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे आगर प्लेटवर वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. प्लेटवर जी बुरशी भरभर पसरली ती मायकोरायझा नव्हे.

दर 1.5 किलोच्या कुंडीत 75 ग्रॅम विरजण, रोपाच्या मुळाखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर थर करून द्या. पृष्ठभागावर भुरभुरलेले विरजण वाळून जाते आणि मूळ त्याला भेटतच नाही.

आता नियंत्रण कुंडी. अहवाल बहुतेक इथेच फसतात. नियंत्रणाला "काहीच दिले नाही" असे लिहिलेले असते. पण विरजणाच्या 75 ग्रॅममध्ये बुरशीशिवाय मातीतली अन्नद्रव्ये, सेंद्रिय पदार्थ आणि असंख्य जिवाणू असतात, आणि त्यात पीएसबीही असू शकतात. नियंत्रणाला हे सगळे मिळाले पाहिजे, फक्त मायकोरायझा सोडून. त्यासाठी दोन गोष्टी करा.

पहिली, त्याच विरजणाचे 75 ग्रॅम ऑटोक्लेव्ह करून त्याच खोलीवर नियंत्रण कुंडीत घाला.

दुसरी, जिवाणूंचे गाळीव पाणी. 100 ग्रॅम जिवंत विरजण एक लिटर निर्जंतुक पाण्यात ढवळा, थोडे निवळू द्या, 38 मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळा आणि मग व्हॉटमन क्रमांक 1 च्या कागदातून दोनदा गाळा. या बुरशीचे बीजाणू साधारण 40 ते 300 मायक्रोमीटरचे असतात, ते अडकतात. जिवाणू त्यातून खाली येतात. हे पाणी नियंत्रण कुंडीला 50 मिलिलिटर द्या. मायकोरायझाच्या कुंडीला तितकेच साधे निर्जंतुक पाणी द्या.

तपासणी: गाळलेल्या पाण्याचे काही थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एखादा जरी बीजाणू किंवा तंतूचा तुकडा दिसला तरी पुन्हा गाळा.

## टप्पा 5: कुंड्यांची मांडणी

दोन प्रश्नांसाठी चार गट लागतात: बुरशी नाही व स्फुरद नाही, बुरशी आहे पण स्फुरद नाही, बुरशी नाही पण स्फुरद आहे, आणि दोन्ही आहेत. प्रत्येक गटात सहा कुंड्या ठेवा.

स्फुरद दिलेला गट लागतोच कशाला, असे विचारले जाते. कारण साधे आहे. बुरशी नसलेल्या कांद्याला स्फुरद दिल्यावर तो वाढलाच नाही, तर या मातीत स्फुरदाची टंचाई नव्हती. मग बुरशीने झालेली वाढ स्फुरदामुळे झाली असे म्हणता येणार नाही.

स्फुरदाच्या गटात मातीच्या किलोमागे 50 मिलिग्रॅम स्फुरद द्या. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट वापरले तर ते किलोला सुमारे 220 मिलिग्रॅम पडते. पण त्याबरोबर 63 मिलिग्रॅम पालाशही जाते. ते बरोबरीत आणायला बाकीच्या गटांना किलोमागे 120 मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड द्या. हे केले नाही तर परीक्षक "फरक पालाशचा नाही कशावरून?" असे विचारतील आणि ते बरोबर असतील.

तिसऱ्या सिद्धतेसाठी बिनस्फुरदाच्या दोन्ही गटांतील कुंड्यांत एक जाळीची पिशवी पुरायची. 30 मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून तंतू आत जातात, कांद्याचे मूळ जात नाही. पिशवीत त्याच मिश्रणाची 150 ग्रॅम माती भरा आणि तिला किलोला 50 मिलिग्रॅम या प्रमाणात स्फुरद द्या. पिशवी कुंडीच्या एका कडेला ठेवा. पिशवीबाहेर एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर दुसऱ्या जाळीने वेगळा ठेवलात तर मूळ जाळीला चिकटून स्फुरद ओढून घेत नाही. शिवण नीट बंद करा. एक मूळ शिवणीतून आत गेले की त्या कुंडीचा हा भाग बाद.

बी घेताना पाकिटावर बुरशीनाशकाची प्रक्रिया लिहिली आहे का पाहा. रंगीत बी बहुतेक थायरम किंवा तत्सम औषधाचे असते. कार्बेन्डाझिम तर या बुरशीला थेट दाबते. प्रक्रिया नसलेले बी घ्या, निर्जंतुक वाळूत उगवा आणि दोन आठवड्यांची रोपे कुंडीत लावा. कुंडीत तीन लावून नंतर दोन ठेवा.

आठवड्यातून एकदा स्फुरद वगळलेले निम्म्या तीव्रतेचे होगलँड पोषक द्रावण 50 मिलिलिटर द्या. नेहमीच्या पाण्यासाठी बोअरचे पाणी टाळा. कुंड्या विटांवर ठेवा, एकीचे निथळलेले पाणी दुसरीत जाऊ नये. आणि नोव्हेंबरात सुरुवात करा. एप्रिलच्या माणदेशी उन्हात पत्र्याच्या शेडमधली प्लास्टिक कुंडी इतकी तापते की मूळ आणि बुरशी दोन्ही मान टाकतात.

तपासणी: पाचव्या आठवड्यात प्रत्येक गटातून मुळाचा छोटा तुकडा काढून रंगवून पाहा. त्यासाठी गटात एक जादा कुंडी ठेवलेली बरी. बुरशीच्या गटात काहीच दिसले नाही तर पुढचे पाच आठवडे वाया घालवू नका, विरजण बदलून नव्याने सुरुवात करा.

## टप्पा 6: काढणी

दहाव्या आठवड्यात काढणी करा. कुंडी उलटी करून माती पाण्यात भिजू द्या आणि मुळे ओढून न काढता चाळणीवर धुवा. जाड मुळे हातात आणि बारीक मुळे गटारात, असे होता कामा नये. बुरशी प्रामुख्याने बारीक मुळांत असते.

मुळे टिपकागदावर कोरडी करून ताजे वजन घ्या. त्यातला एक भाग रंगवण्यासाठी काढा, त्याचेही वजन घ्या. बाकीची मुळे आणि पात-कांदा 65 ते 70 अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

रंगवायला काढलेला भाग वाळलेल्या वजनात परत मिळवायचा असतो. समजा ताजी मुळे 3.0 ग्रॅम, त्यातली 0.6 ग्रॅम रंगवायला गेली, उरलेली 2.4 ग्रॅम वाळून 0.20 ग्रॅम झाली. तर पूर्ण मुळांचे कोरडे वजन 0.20 गुणिले 3.0 भागिले 2.4, म्हणजे 0.25 ग्रॅम. पात-कांदा 0.95 ग्रॅम असेल तर कुंडीचे एकूण 1.20 ग्रॅम. हा छोटा हिशेब राहिला की कमी मुळे असलेल्या नियंत्रणाचे वजन जास्त घसरते आणि फरक खोटाच फुगतो.

## टप्पा 7: मुळे रंगवा आणि मोजा

मुळाचे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे करा. लगेच रंगवणार नसाल तर 50 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

पारदर्शक करणे. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 90 अंशांच्या पाण्यात ठेवा. पुस्तकात एक तास लिहिलेला असतो, पण तो चिवट मुळांसाठी. कांद्याच्या कोवळ्या मुळांना 20 मिनिटांपासून तपासायला लागा. जास्त झाले की मुळाची साल, म्हणजे कॉर्टेक्स, गळून पडते आणि मधला शिरेचा दांडा तेवढा उरतो. ही बुरशी फक्त कॉर्टेक्समध्ये असते. मग सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ, सुंदर आणि रिकामे मूळ दिसते आणि विद्यार्थी शून्य टक्के लिहितो. मूळ नुसता पातळ दोरा दिसत असेल तर ते शून्य नव्हे, ती फसलेली स्लाइड आहे.

आम्ल करणे. अल्कली नीट धुवा, मग मुळे 1 टक्का हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे ठेवा. अल्कली उरली तर रंग धरत नाही. फिकट स्लाइडचे नेहमीचे कारण हेच, रंग जुना असणे नव्हे.

रंग देणे. 0.05 टक्के ट्रायपॅन ब्लू लॅक्टोग्लिसरॉलमध्ये वापरतात. ट्रायपॅन ब्लू कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, हातमोजे सक्तीचे. फिनॉल घातलेले जुने लॅक्टोफिनॉल आता वापरायची गरज नाही. त्याहून सोपी पद्धत शाई आणि व्हिनेगरची: 5 टक्के ॲसिटिक आम्लाच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी फाउंटन पेनची शाई, त्यात मुळे 3 मिनिटे उकळा, मग थेंबभर व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात 20 मिनिटे ठेवून जादा रंग उतरवा. सगळ्याच शाया चालत नाहीत. जी शाई मिळेल ती आधी चांगली वसाहत असलेल्या मक्याच्या मुळावर तपासून घ्या.

ओळखणे. पेशीच्या आत दाट झुडपासारखे दिसते ते अर्बस्क्यूल. गोल किंवा अंडाकार, फुगलेल्या, तेलाने भरलेल्या पिशव्या म्हणजे व्हेसिकल. पेशींमधून धावणारे, आडपडदे नसलेले, कडा थोड्या ओबडधोबड असलेले तंतू हे तिचेच. तपकिरी, ठरावीक अंतरावर आडपडदे असलेले तंतू दिसले तर ती दुसरीच बुरशी, मोजू नका. अर्बस्क्यूल थोडेच दिवस टिकते. म्हणून फार उशिरा काढणी केली तर व्हेसिकल भरपूर आणि अर्बस्क्यूल विरळ दिसतात. "फॉस्फेटची देवाणघेवाण चालू आहे" असे लिहायचे तर अर्बस्क्यूल दिसले पाहिजे.

मोजणे. तुकडे स्लाइडवर समांतर लावा. 200 पट आवर्धनावर, नेत्रकाचातली उभी रेघ मुळाला जिथे छेदते तिथे काय आहे ते नोंदवा. कुंडीमागे किमान 100, जमल्यास 150 छेद घ्या. समजा 150 पैकी 54 रिकामे, 60 मध्ये अर्बस्क्यूल, 15 मध्ये फक्त व्हेसिकल, 21 मध्ये फक्त तंतू. एकूण वसाहत 96 भागिले 150, म्हणजे 64 टक्के. अर्बस्क्यूलची वसाहत 40 टक्के. एकाच छेदात अर्बस्क्यूल आणि व्हेसिकल दोन्ही असतील तर एकूण आकड्यात तो छेद एकदाच धरायचा.

स्लाइडवर गटाचे नाव लिहू नका. कुणाला तरी क्रमांक टाकायला सांगा आणि मोजून झाल्यावरच यादी उघडा. कोणती कुंडी कोणाची हे माहीत असले की संशयास्पद तंतू डोळा आपल्या सोयीने मोजतो.

तपासणी: नियंत्रणात वसाहत शून्याजवळ हवी. चार-पाच टक्क्यांच्या वर गेली तर त्या कुंडीत बुरशी शिरली आहे. अहवालात तसे लिहा, कुंडी गुपचूप बदलू नका.

## टप्पा 8: स्फुरदाचा हिशेब

वाळलेला नमुना दळून 500 ते 550 अंशांना भट्टीत राख करा, राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि स्फुरद वाचा. नियंत्रणाचा नमुना थोडा असतो, म्हणून मॉलिब्डेनम निळ्या रंगाची पद्धत अधिक उपयोगी. नायट्रिक-पर्क्लोरिक आम्लाने पचवणार असाल तर ते फक्त त्यासाठी बनवलेल्या फ्यूम हुडमध्ये आणि जाणत्याच्या देखरेखीखाली. सेंद्रिय पदार्थावर गरम पर्क्लोरिक आम्लाचा स्फोट होतो.

मग येते ती सर्वांत महागडी चूक. पुढील आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत:

| गट | कोरडे वजन, ग्रॅम | स्फुरद, टक्के | एकूण स्फुरद, मिलिग्रॅम | वसाहत, टक्के |
|---|---|---|---|---|
| बुरशी नाही, स्फुरद नाही | 0.50 | 0.22 | 1.10 | 0 |
| बुरशी आहे, स्फुरद नाही | 1.20 | 0.22 | 2.64 | 64 |
| बुरशी नाही, स्फुरद आहे | 1.10 | 0.25 | 2.75 | 0 |
| बुरशी आहे, स्फुरद आहे | 1.20 | 0.26 | 3.12 | 22 |

पहिल्या दोन ओळींतले टक्के सारखेच आहेत. केवळ टक्के पाहणारा "बुरशीने स्फुरदात फरक पडला नाही" असे लिहील. खरे म्हणजे पीक वाढले आणि आलेला स्फुरद जास्त शरीरात विभागला गेला. टक्के कोरड्या वजनाने गुणून *एकूण* स्फुरद काढायचा: 1.10 विरुद्ध 2.64, म्हणजे 1.54 मिलिग्रॅम जादा, 140 टक्के वाढ.

तिसरी ओळ सांगते की टंचाई स्फुरदाचीच होती, कारण नुसत्या स्फुरदानेही वाढ झाली. चौथी ओळ दाखवते की स्फुरद मुबलक मिळाल्यावर वसाहत घसरली आणि बुरशीचा फायदा जवळजवळ संपला. अशा आकड्यांवर दुहेरी प्रसरण विश्लेषण, म्हणजे टू-वे ॲनोव्हा, करून बुरशी आणि स्फुरद यांची परस्परक्रिया तपासा.

## टप्पा 9: पिशवी काय सांगते

पिशवीतल्या मातीचा ओल्सेन स्फुरद काढा. समजा बुरशी नसलेल्या कुंडीतल्या पिशवीत किलोला 18 मिलिग्रॅम उरला आणि बुरशी असलेल्या कुंडीतल्या पिशवीत 13. फरक 5 मिलिग्रॅम. 150 ग्रॅम मातीसाठी 0.75 मिलिग्रॅम. पिकाने जादा उचललेल्या 1.54 मिलिग्रॅमपैकी जवळपास निम्मा, मुळाला शिरताच न येणाऱ्या जागेतून गेला. हा अंदाज कमीच धरावा, कारण पिशवीत मोकळा स्फुरद कमी होताच मातीला बांधलेला थोडा स्फुरद सुटून त्याची जागा भरतो. पिशवीतली चिमूटभर माती पाण्यात ढवळून गाळण-पडद्यावर गाळा आणि रंगवून तंतू आत गेले होते हे दाखवा. तंतू दिसले नाहीत आणि स्फुरद मात्र कमी झाला, तर शिवण फाटली होती का ते पाहा.

पिशवीचा आकडा आणखी एका प्रसंगी उपयोगी पडतो. कधी मुळात वसाहत भरपूर असते, पण रोप नियंत्रणापेक्षा मोठे होत नाही, गव्हात हे पुष्कळदा दिसते. "बुरशी निकामी" असे लिहायची घाई करू नका. बुरशी वसल्यावर मूळ स्वतःच्या बाहेरच्या पेशींमधून फॉस्फेट घेणे कमी करते. बुरशीचा मार्ग सुरू असतो आणि मुळाचा मंदावतो, बेरीज तेवढीच राहते. वजन आणि एकूण स्फुरद यांवरून हे कळणार नाही. किरणोत्सारी स्फुरद-32 ने ते उत्तम कळते, पण त्याला परवाना आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते. पिशवीतला स्फुरद घटला असेल तर निदान एवढे म्हणता येते की तंतूंनी काम केले आहे.

## निष्कर्ष लिहिताना

मिळालेला निष्कर्ष या मातीपुरता, या विरजणापुरता आणि कांद्यापुरता लिहा. निर्जंतुक मातीतल्या कुंडीत नियंत्रणाजवळ बुरशीच नसते. शेतात मात्र देशी बुरशी आधीच असते, त्यामुळे पुडी टाकून होणारा फरक तिथे कुंडीइतका येत नाही. "हेक्टरी इतका स्फुरद वाचेल" असे वाक्य या प्रयोगातून निघत नाही. ते लिहायचे असेल तर त्याच माणच्या रानात, माती निर्जंतुक न करता, स्फुरदाच्या कमी-अधिक मात्रांवर विरजणासह आणि विरजणाशिवाय वाफे लावून वेगळा प्रयोग करावा लागेल, आणि लावणीआधी तिथल्या देशी बुरशीची वसाहत मोजून ठेवावी लागेल.